पहिल्या अप्रेझलचा रकाना कसा भरावा

सेल्फ अप्रेझल म्हणजे वर्षभरात केलेल्या कामाबद्दल कर्मचाऱ्याने स्वतः दिलेला लेखी जबाब. भारतातल्या बऱ्याच खासगी कंपन्यांत तो एप्रिल ते मार्च या वर्षासाठी, वर्ष संपता संपता किंवा नवे वर्ष लागताच भरून घेतात. फॉर्ममध्ये वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली उद्दिष्टे ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकासमोर स्वतःला द्यायचे रेटिंग असते आणि त्याच्या शेजारी ‘कॉमेंट्स’ असे शीर्षक असलेला एक रिकामा रकाना. पहिल्यांदा फॉर्म भरणारा रेटिंगच्या आकड्यावर बराच वेळ घालवतो आणि रकान्यात दोन ओळी लिहून मोकळा होतो. खरे तर रेटिंग टिकणार की नाही, हे त्या रकान्यावरच ठरत असते.

हा मजकूर आधी थेट वरिष्ठ वाचतो. त्याला काम माहीत असते, पण सगळे नाही. दहा-बारा जणांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्याला कोणाचे ऑगस्टमधले काम एप्रिलमध्ये आठवत असेल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. त्याने रेटिंग दिले की अनेक कंपन्यांत विभागप्रमुख एकत्र बसतात. एका विभागातला ‘चार’ आणि दुसऱ्या विभागातला ‘चार’ एकाच मापाचे आहेत का, हे तिथे पाहिले जाते. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. बोलताना सर्रास नॉर्मलायझेशन असाही शब्द वापरतात. कर्मचारी तिथे नसतो. दुसऱ्या विभागाचा प्रमुख विचारतो, “हिला चार कशावरून?” त्या वेळी वरिष्ठाला आधार असतो तो स्वतःच्या आठवणीचा किंवा समोरच्या फॉर्मचा. ‘पूर्ण निष्ठेने आणि झोकून देऊन काम केले’ हे वाक्य तिथे वाचून दाखवण्याजोगे नसते. ‘कंपनीचे लाखो रुपये वाचवले’ हे वाक्य त्याहून घातक, कारण पुढच्याच प्रश्नाला ते कोसळते आणि त्याबरोबर ते वाचणाऱ्याचीही पंचाईत होते. म्हणून कॉमेंट लिहिताना एकच कसोटी पुरते: हे वाक्य वरिष्ठाने आपल्या गैरहजेरीत उच्चारले आणि कोणी ‘कशावरून?’ विचारले, तर उत्तर त्याच वाक्यात आहे का?

सरकारी नोकरीतही स्वमूल्यमापनाचा भाग असतो, आणि केंद्र सरकारच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात तर प्रतिवेदन अधिकाऱ्याला अधिकाऱ्याच्या निवेदनाशी आपण सहमत आहोत का, हे नोंदवावे लागते. म्हणजे तिथे प्रत्येक दाव्यावर कोणीतरी सहीनिशी मत देणार, हे गृहीतच धरलेले असते. खासगी कंपनीतल्या फॉर्मवर हे इतके स्पष्ट लिहिलेले नसते, पण घडते तेच.

बढाई नेमकी कुठून येते? आकड्यांमुळे आपण फुशारकी मारतो असे वाटेल, ही भीती पहिल्या अप्रेझलला फार जणांना असते आणि ती उलटी आहे. फुशारकी विशेषणांतून येते: उत्कृष्ट, अथक, मोलाचे, उल्लेखनीय. ती दुसऱ्याचे काम आपल्या नावावर घेण्यातून येते, पुराव्याच्या पलीकडचा परिणाम सांगण्यातून येते, आणि सहकाऱ्यांशी तुलना करण्यातून येते. ‘महिन्याला साडेआठशे बिले नोंदवली’ या वाक्यात कसलीही बढाई नाही. ‘विभागात सर्वांत जास्त काम मीच करते’ या वाक्यात आहे, ते खरे असले तरी.

विशेषणे कामाची नसण्याचे आणखी एक कारण आहे. क्रिस्टिन एक्सली आणि जड केसलर या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना गणित-विज्ञानाची चाचणी दिली आणि मग स्वतःच्या कामगिरीचे वर्णन करायला सांगितले. चाचणीत सारखेच गुण मिळालेल्या स्त्रियांनी पुरुषांच्या तुलनेत स्वतःला कमी लेखले. आपले गुण नेमके किती हे त्यांना सांगितल्यानंतरही हा फरक उरला. तेव्हा ‘मी चांगले काम केले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला कळतो तो लिहिणाऱ्याचा स्वभाव. काम कळत नाही. संकोची माणसाचे ‘ठीक’ आणि बिनधास्त माणसाचे ‘अप्रतिम’ हे एकाच कामाचे वर्णन असू शकते. आकडा मात्र दोघांचा सारखाच निघतो.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. ते नमुन्यादाखल रचलेले आहे, पण असे काम वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या अकाउंट्स विभागात रोज चालते. एक तरुणी जूनमध्ये रुजू झाली. तिच्याकडे पुरवठादारांची बिले नोंदवून पेमेंटसाठी पुढे पाठवण्याचे काम आहे. बिल पास होण्यासाठी तीन कागद जुळावे लागतात: खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, माल आल्याची स्टोअरची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचे बिल. दर, नग किंवा रक्कम जुळली नाही की बिल होल्डवर जाते. मार्चअखेर अप्रेझलचा फॉर्म उघडला आणि तिने पहिल्या रकान्यात लिहिले: ‘दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली.’ मैत्रीण म्हणाली, हे फारच पडखाऊ झाले. मग तिने लिहिले: ‘माझ्या अथक प्रयत्नांमुळे प्रलंबित बिलांचा प्रश्न कायमचा सुटला.’ पहिल्या वाक्यात सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्यात आहे ते खरे नाही, कारण काही बिले अजूनही अडकलेली आहेत.

तिसऱ्यांदा लिहायला बसण्याआधी पुरावा जमवायला हवा. नुसत्या आठवणीवर विसंबले तर फेब्रुवारी-मार्च भरून येतात आणि जुलै-ऑगस्ट रिकामे राहतात. वरिष्ठांचेही तसेच होते. पुरावा मिळण्याच्या जागा ठरलेल्या असतात. एक म्हणजे पाठवलेल्या ई-मेलचा फोल्डर, तो महिन्यामहिन्याने चाळायचा. दुसरी कॅलेंडर. तिसरी सिस्टिममधले रिपोर्ट. इथे एक अडचण येते. थकीत बिलांचा एजिंग रिपोर्ट आज काढला तर आजची स्थिती दिसते. मागच्या जूनअखेरची स्थिती काही सिस्टिममध्ये तारीख घालून काढता येते, काहींत येतच नाही. तसे असेल तर त्या वेळी कोणाला तरी ई-मेलने पाठवलेला रिपोर्ट शोधावा लागतो. सुरुवातीचा आकडा मिळालाच नाही, तर अंदाजाने तो लिहू नये. ‘ऑक्टोबरपासूनची नोंद उपलब्ध आहे’ असे सांगून ऑक्टोबरपासूनचाच फरक द्यावा. आणि पुरावा जमवायचा तो ऑफिसच्या जागेतच. पुरवठादारांचे दर किंवा बँक खाते असलेले कागद स्वतःच्या खासगी ई-मेलवर पाठवून ठेवणे हा अनेक कंपन्यांत नियमभंग ठरतो.

या तरुणीला जे सापडले ते असे. ३० जूनला तीस दिवसांहून जुनी ३१२ बिले प्रलंबित होती. ३१ मार्चला ७४ आहेत. जुलैमध्ये तिने त्या ३१२ बिलांवर एकेक करून कारण लिहिले होते. १८७ बिले अडकली होती ती पीओमध्ये जुना दर राहिल्यामुळे: पुरवठादाराला दरवाढ मंजूर झाली होती, बिल नव्या दराने आले होते, पण पीओ कोणी बदललाच नव्हता. ६८ बिलांची जीआरएन झालेली नव्हती. उरलेल्या ५७ ची कारणे किरकोळ होती. ऑगस्टपासून ती दर सोमवारी जुन्या दराच्या पीओंची यादी खरेदी विभागाला पाठवत आली.

‘बिले कमी झाली’ एवढ्यावर मजकूर थांबला तर चाणाक्ष वाचक दोन प्रश्न विचारेल. बिले येण्याचेच प्रमाण घटले होते का? आणि पीओ तर खरेदी विभाग दुरुस्त करतो, मग यात हिचा भाग कोणता? दोन्ही प्रश्नांची उत्तरे विचारण्याआधीच रकान्यात असली पाहिजेत. पहिल्यासाठी महिन्याला येणाऱ्या बिलांची संख्या द्यायची. दुसऱ्यासाठी दुसऱ्याचा वाटा सरळ नोंदवायचा. दुसऱ्याचे नाव घेतले की आपले श्रेय कमी होते, असे नव्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात आपला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यानेच स्पष्ट होते, आणि खरेदी विभागाचा प्रमुख त्या बैठकीत बसलेला असेल तर तो आक्षेप घेण्याऐवजी मान डोलावतो. तिचा तिसरा मसुदा मग असा झाला:

‘३० जूनला तीस दिवसांहून जुनी ३१२ बिले प्रलंबित होती, ३१ मार्चला ७४ आहेत. या काळात महिन्याला येणारी बिले साधारण ८५० च राहिली. जुलैमध्ये ३१२ बिलांची कारणे तपासली; १८७ बिले पीओतील जुन्या दरामुळे अडकली होती. ऑगस्टपासून दर सोमवारी अशा पीओंची यादी खरेदी विभागाला पाठवते. दुरुस्ती तिथले सहकारी करतात. या कारणाने अडकलेली बिले आता २२ आहेत. आधार: महिनाअखेरचे एजिंग रिपोर्ट आणि सोमवारच्या ई-मेल.’

यात स्तुतीचे एकही विशेषण नाही, ‘मी’ हा शब्दही नाही, तरी कोणी काय केले याबद्दल शंका राहत नाही. वाक्यांचा क्रमही मुद्दाम तसा आहे: आधी स्थिती कशी होती आणि आता कशी आहे, मग काय शोधले, काय केले, कोणाबरोबर केले, आणि शेवटी हे पडताळायचे कुठे. बढाईखोर मजकुरात हटकून शेवटचे गाळलेले असते.

परिणाम सांगताना किती पुढे जायचे, हा खरा अवघड भाग. थकीत बिले कमी झाल्याचा कंपनीला फायदा झाला हे उघड आहे, पण तो रुपयांत मांडण्याचा मोह टाळलेला बरा. तसा हिशेब बहुधा कोणी केलेला नसतो. त्याऐवजी कंपनी ज्या नियमाला बांधलेली आहे त्याच्याशी काम जोडता येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून आयकरातही त्याची दखल घेतली गेली: ही मुदत ओलांडली तर तो खर्च बिलाच्या वर्षात वजा धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच धरता येतो. त्यामुळे ‘३१ मार्चला सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे मुदत उलटलेले एकही बिल नोंदणीअभावी शिल्लक नव्हते’ हे छोटे वाक्य फायनान्स प्रमुखाला लाखांच्या गोष्टीपेक्षा जास्त सांगते. ‘नोंदणीअभावी’ हा शब्दही तिथे जपून घातलेला आहे. पैसे प्रत्यक्ष कधी सुटतात हे तिच्या हातात नाही. बिल नोंदवणे आहे.

दुसरे उद्दिष्ट होते, ९० टक्के बिले दहा दिवसांत नोंदवण्याचे. जून ते नोव्हेंबर या सहा महिन्यांची सरासरी ७६ टक्के, डिसेंबर ते मार्चची ९४ आणि दहा महिन्यांची मिळून ८३. इथे फक्त ९४ लिहायचा मोह होतो. वरिष्ठाकडे पूर्ण वर्षाचा आकडा असतो, तो ८३ पाहतो आणि मग सगळ्याच मजकुराकडे संशयाने बघू लागतो. तिन्ही आकडे लिहिले तर उद्दिष्ट वर्षभराच्या हिशेबात चुकले हेही दिसते आणि चाल वरच्या दिशेने आहे हेही. शिवाय ऑक्टोबरपासून कंपनीने गेटवरच बिले स्कॅन करायला सुरुवात केली, त्यामुळे बिल टेबलावर साधारण दोन दिवस आधी पोहोचू लागले. सुधारणेचा काही भाग त्याचा आहे. तेही एका ओळीत यायला हवे. न लिहिले तर बैठकीत ते दुसरे कोणीतरी सांगेल, आणि तेव्हा ते उघडकीला आल्यासारखे वाटेल.

चुकांचा रकाना बऱ्याच फॉर्ममध्ये ‘सुधारणेस वाव’ या नावाने येतो. त्यात ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ अशा छापाची लटकी उणीव लिहिण्याची पद्धत पडली आहे आणि ती कोणालाच फसवत नाही. नोव्हेंबरमध्ये या तरुणीकडून एक बिल दोनदा पास झाले. पुरवठादाराने आधी ई-मेलने प्रत पाठवली आणि मग कुरिअरने मूळ बिल. एकदा बिल क्रमांक पुढच्या शून्यासह नोंदला गेला आणि एकदा शून्याशिवाय. दुबार बिल पकडणारी सिस्टिमची तपासणी अक्षर न् अक्षर जुळवून पाहते, त्यामुळे तिला ही दोन वेगळी बिले वाटली आणि १८,४०० रुपये दोनदा गेले. ही गोष्ट वरिष्ठाला माहीतच आहे. फॉर्ममध्ये तिचा उल्लेख नसेल तर तेवढेच ठळकपणे दिसेल. लिहायचे ते एवढेच: काय झाले, रक्कम डिसेंबरच्या बिलातून वळती करून घेतली, कारण काय निघाले आणि त्यानंतर काय बदलले. बिलावर छापलेला क्रमांक जसाच्या तसा टाकणे आणि नोंदीआधी त्या पुरवठादाराची तीच तारीख व तीच रक्कम आहे का हे पाहणे, हा बदल. त्यानंतर मार्चपर्यंत दुबार पेमेंट नाही. माफीची भाषा नको आणि सिस्टिमवर खापर फोडणेही नको. चूक अशी नोंदवलेली असली की बाकीच्या दाव्यांवरही विश्वास बसतो.

आता रेटिंग. ते ठरवताना सहकारी काय देत आहेत याची चौकशी करण्यापेक्षा फॉर्ममधली व्याख्या वाचणे बरे. पाच अंकांच्या मापात तीन म्हणजे बहुधा ‘अपेक्षेइतके’ असते. शाळेतल्या गुणपत्रिकेच्या सवयीमुळे पाचपैकी तीन म्हणजे ६० टक्के असे वाटते आणि नवा माणूस दुखावतो. पण तीनचा अर्थ नेमून दिलेले काम नीट झाले असाच आहे. प्रलंबित बिलांच्या ओळीत कारणे शोधून दुसऱ्या विभागाबरोबर नवी पद्धत बसवली, हे नेमलेल्या कामापलीकडचे आहे. तिथे चार देता येतात. दहा दिवसांच्या ओळीत उद्दिष्ट ९० होते आणि झाले ८३; तिथे चार दिले तर शेजारचा मजकूरच त्याला खोटे पाडेल. सगळ्या ओळींत एकच आकडा टाकणाऱ्याच्या फॉर्मवर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही, मग तो आकडा तीन असो की पाच.

ज्या कामात मोजण्यासारखे काही नाही तिथे पुरावा वेगळ्या रूपात शोधावा लागतो. रिसेप्शन सांभाळणे, नव्या माणसाला शिकवणे, ऑडिटच्या वेळी कागद पुरवणे, अशी कामे व्यवस्थित झाली की दिसतच नाहीत. अशा वेळी आकड्याऐवजी एक ठोस प्रसंग पुरतो: ऑडिटरने मागितलेली कागदपत्रे किती दिवसांत दिली, शिकवलेला माणूस कोणते काम एकट्याने करू लागला, तयार केलेली टिपणवही आता कोण वापरते. दुसऱ्या विभागाने आभाराची ई-मेल पाठवली असेल तर तिचा उल्लेख तारखेसह करावा. त्यातले कौतुकाचे शब्द उतरवून काढायची गरज नाही. पुरावा म्हणून आकडा मिळत नाही यासाठी टक्केवारी बनवणे मात्र धोक्याचे. ‘कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली’ असे वाक्य बैठकीत हमखास अडते, कारण कशाचे ३० टक्के हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

फॉर्म बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून भरावा लागतो आणि तिथे एक नवाच घोळ होतो. ‘सपोर्टेड’, ‘हँडल्ड’, ‘इन्व्हॉल्व्ह्ड इन’ या शब्दांनी काम झाकले जाते. ‘प्रोजेक्टमध्ये इन्व्हॉल्व्ह्ड होतो’ म्हणजे चहा आणला की कोड लिहिला, कळत नाही. उलट ‘लेड’, ‘ट्रान्सफॉर्म्ड’ हे शब्द नमुन्यांच्या याद्यांतून उचलले जातात आणि दहा महिन्यांच्या नोकरीला शोभत नाहीत. यावर एक उपाय सोपा आहे. आधी आपण काय केले हे घरी सांगतो तशा मराठीत लिहायचे, म्हणजे तपासले, पाठवले, जुळवले, शिकवले, आणि मग त्याच साध्या क्रियापदांचे इंग्रजी करायचे. मराठीतच लिहायची सोय असेल तर ‘करण्यात आले’, ‘राबवण्यात आले’ ही कार्यालयीन वळणे टाळावीत. त्यात कर्ता गायब होतो आणि कोणी केले हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

लिहून झाल्यावर मजकूर एक रात्र बाजूला ठेवून पुन्हा वाचावा, आणि प्रत्येक विशेषण खोडून पाहावे. ते खोडल्यावर अर्थ कमी झाला नाही तर ते नकोच होते. प्रत्येक उद्दिष्टाला चार-सहा वाक्ये पुरतात. त्याहून लांब मजकूर वरिष्ठ चाळतो, वाचत नाही. शक्य असल्यास खरेदी विभागातल्या त्या सहकाऱ्याला आपल्याबद्दलचे वाक्य दाखवावे. तो ‘हे बरोबर आहे’ म्हणाला तर श्रेयाचा भाग नीट मांडला गेला.

फॉर्म पाठवण्याआधी त्याची प्रत कंपनीने परवानगी दिलेल्या जागी जपून ठेवावी, कारण अनेक सिस्टिममध्ये पाठवलेला मजकूर नंतर बदलता येत नाही. वरिष्ठाशी चर्चा होते ती याच मजकुरावर, आणि त्याच सुमारास पुढच्या वर्षाची उद्दिष्टेही ठरतात. त्या नव्या फॉर्ममध्ये ३१ मार्चचा ७४ हा आकडा आरंभीची स्थिती म्हणून तारखेसह लिहून घ्यावा आणि एप्रिलपासून दर महिनाअखेरचा एजिंग रिपोर्ट त्याच दिवशी काढून ठेवावा.